काय ऊन आहे आज

मे महिन्यातली दुपार, सव्वादोन वाजले असतील. फोनवर माझ्या जुन्या रूममेटचा मेसेज आला, जवळजवळ दहा महिन्यांनी. मेसेज एवढाच: "काय ऊन आहे आज". पुढे काही नाही, "कशी आहेस" नाही, "एक विचारायचं होतं" नाही, शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा नाही. मी कामात होते, वाचलं, आणि वाटलं की आता खाली दुसरा मेसेज येईल, ज्यात खरं काय ते असेल. दहा मिनिटं थांबले, काही आलं नाही, मग मीच लिहिलं, "हो ना गं! बोल, काय काम होतं?" तिचं उत्तर आलं, "काम काही नाही गं. सहज." मी त्यावर एक स्मायली टाकली आणि विषय संपला. म्हणजे मला वाटलं संपला. नंतर पुढचे चार महिने तिचा एकही मेसेज आला नाही.

हे मी मुद्दाम लिहितेय कारण माझं कामच बोलणं ऐकण्याचं आहे. संभाषण-विश्लेषण हा माझा एम.ए.चा विषय, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मी लोकांच्या साध्या गप्पांची रेकॉर्डिंग ऐकून ती लिहून काढतेय, कोण कुठे थांबलं, कुणाचं वाक्य कुणी मध्येच उचललं, थांबलं तर सेकंदाचे किती दशांश, असं सगळं. समोरासमोर कुणी "काय ऊन आहे" म्हटलं तर त्याच्यापुढे काय होतं हे मी शेकडो वेळा कागदावर उतरवलंय. आणि तरी माझ्याच फोनवर तेच वाक्य आलं तेव्हा मी त्यात काम शोधलं.

या प्रकारच्या बोलण्याला नाव आहे. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता, आणि 1923 मध्ये छापलेल्या एका निबंधात त्याने 'फॅटिक कम्युनियन' हा शब्द वापरला. म्हणजे असं बोलणं ज्यात माहिती द्यायची नसते, विचार पोचवायचा नसतो, बोलण्यामुळे माणसं जोडली जातात एवढंच त्याचं काम. त्याने दिलेल्या उदाहरणांत तब्येतीची चौकशी आहे आणि हवामानावरचा शेरा पण आहे. त्याचं म्हणणं होतं की अनोळखी माणसाचं गप्प बसणं आपल्याला अस्वस्थ करतं, आणि ती शांतता मोडायला काहीही चालतं, जे दोघांनाही उघड दिसतंय ते पण चालतं. पुढे 1960 मध्ये भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोबसनने भाषेची सहा कार्यं सांगितली, त्यातलं एक हेच, की तार जोडलेली आहे ना हे बघणं. फोनवर आपण "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज" म्हणतो ना, तसं.

ही दोन नावं भाषेच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, आणि मीसुद्धा ती शिकवलीत. पण "तार तपासणं" एवढ्यावर थांबलं की एक गोष्ट हातातून निसटते, ती म्हणजे उत्तर काय द्यायचं. तार जोडलेली आहे, बरं, मग? माझं "बोल, काय काम होतं?" हे पण तार जोडलेली असल्याचंच उत्तर होतं की. मग ते चुकलं कुठे?

ते मला कळलं अनिता पोमरांत्झ या संभाषण-विश्लेषण करणाऱ्या अभ्यासिकेच्या कामामुळे, जे मी आधी वाचलेलं होतं पण स्वतःला लावून बघितलं नव्हतं. 1984 मध्ये तिने दाखवलं की कुणी एखाद्या गोष्टीबद्दल मत सांगितलं, "छान आहे", "कडक आहे", "वाईट झालंय" असं काहीही, तर ऐकणाऱ्याकडून त्याच गोष्टीबद्दल दुसरं मत येणं अपेक्षित असतं. आणि सहमती दाखवायची असेल तर ते दुसरं मत पहिल्यापेक्षा एक पायरी वर चढलेलं असतं. तू म्हणालीस गार आहे, मी म्हणते, गार? अगं बोटं वाकत नाहीयेत. तू म्हणालास पाऊस जोरात आहे, मी म्हणते रात्रीपासून क्षणभर थांबला नाहीये. नुसतं "हो, गार आहे" म्हणणं, म्हणजे तेवढ्याच उंचीचं उत्तर, हे कागदावर सहमतीसारखं दिसतं पण ऐकणाऱ्याला ते ढिलं लागतं, कारण बरेचदा असं उत्तर "पण" येण्याच्या आधी येतं. हो गार आहे, पण कालच्यापेक्षा कमी.

आता माझं उत्तर बघा. "हो ना गं!" हे तेवढ्याच उंचीचं, आणि त्याच्या मागोमाग लगेच "बोल". म्हणजे मी तिच्या उन्हाला एक हात लावला आणि बाजूला सारलं. तिने एक वस्तू समोर ठेवली होती, मी विचारलं की हिच्या खाली काय आहे. मराठीत "काय ऊन आहे" मधला "काय" प्रश्नाचा नाहीये, उद्गाराचा आहे, हे आपल्याला न शिकवता कळतं, कुणी उद्गारचिन्ह नाही दिलं तरी कळतं. मी तो उद्गार वाचला आणि उत्तर मात्र प्रश्नाला देतात तसं दिलं.

आणि "सहज" या शब्दाबद्दल मला आता फार वाटतं. "काम काही नाही गं, सहज" असं जेव्हा एखादी व्यक्ती लिहिते तेव्हा ती खरं तर आपला मेसेज मागे घेत असते. कारण विचारलं गेल्यावर कारण द्यावं लागतं, आणि कारण नसलं तर दारात आलेल्या माणसाला "काय हवंय" विचारल्यासारखं होतं. तो म्हणणार काही नाही, जातो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये समोरासमोरच्या बोलण्यात हे क्वचित होतं, कारण तिथे चेहरा असतो. मी हसून "बोल" म्हटलं असतं तर ते हसू आधी पोचलं असतं आणि बोल म्हणजे काम सांग असं न वाटता बस, बोलत बसू असं वाटलं असतं. मेसेजमध्ये तोच शब्द ऑफिसच्या खिडकीतून आल्यासारखा वाटतो.

अजून एक फरक आहे, शांततेचा. 2009 मध्ये दहा भाषांमधल्या बोलण्याचा एक तौलनिक अभ्यास झाला, त्यात दिसलं की एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो, म्हणजे 200 मिलिसेकंदांच्या आसपास. भाषाभाषांत थोडं पुढेमागे, पण फार नाही. म्हणून समोर बसलेल्या माणसाने एक सेकंद लावला तरी आपल्याला काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. मेसेजला ही मोजपट्टीच नाही. तिथे दहा मिनिटांचा अर्थ काहीही असू शकतो, ती स्वयंपाक करत असेल, फोन उलटा ठेवला असेल, किंवा माझ्यासारखी "खरं काय ते" यायची वाट बघत असेल. मी त्या दहा मिनिटांत तिच्या पुढच्या मेसेजची वाट बघत होते आणि ती माझ्या पहिल्याची. तिच्या बाजूने तिची बोलायची पाळी संपलेली होती, मला वाटत होतं ती अजून चालू आहे. प्रश्न असला की पाळी संपल्याचं कळतं, नुसता शेरा असला की कळत नाही, आणि बहुतेक घोळ मला वाटतं इथेच होतो.

यानंतर मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. सप्टेंबरमध्ये तिचा मेसेज आला, रात्री अकरा वाजून गेले होते, "केवढा पाऊस लागलाय". आता मी शहाणी झाले होते, किंवा मला तसं वाटत होतं. मधल्या काळात मला त्या मे महिन्याच्या मेसेजची टोचणी लागली होती, मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की तेव्हा तिचं काहीतरी दुखत असणार, ती सांगायला आली होती आणि मी ऐकलं नाही. त्यामुळे रात्री अकराचा पाऊस वाचून मी लगेच लिहिलं, "सगळं ठीक आहे ना? काही झालंय का? मी जागी आहे, फोन करू का?" तीन मेसेज, एकामागे एक. तिचं उत्तर, "हो गं ठीक आहे, का? तू ठीक आहेस ना?" मग मी नाही नाही सहजच, ती बरं, मी बरं, झोप आता, गुड नाइट. आता "सहज" म्हणायची वेळ माझ्यावर आली होती.

तेव्हा नीट बसून विचार केला. दोन्ही वेळा मी एकच केलं होतं. पहिल्या वेळी उन्हाच्या मागे काम शोधलं, दुसऱ्या वेळी पावसाच्या मागे दुःख शोधलं. दोन्ही वेळा ऊन आणि पाऊस मला दिसलेच नाहीत. आणि दुसऱ्या वेळी तर मी तिला असं उत्तर दिलं की तिला स्वतःची तपासणी करून बरं असल्याचा दाखला द्यावा लागला. खरंच कुणाचं दुखत असतं आणि ते हवामानावरून सुरुवात करतात, असं होतं, अनेकदा होतं. पण तेव्हाही त्यांनी हवामान निवडलेलं असतं, कारण त्यांना अजून दुसरं बोलायचं नसतं. त्यांना मधला रस्ता हवा असतो, आपण तो ओलांडून थेट घरात घुसतो.

जॉन लेव्हर म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ होता, त्याने 1975 मध्ये अशा सुरुवातीच्या वाक्यांचे तीन प्रकार पाडले. एक, दोघांच्या समोर असलेल्या गोष्टीबद्दल, म्हणजे हवामान वगैरे, याला तो तटस्थ म्हणतो. दुसरा स्वतःबद्दल, "चढून चढून पाय दुखले". तिसरा समोरच्याबद्दल, "दमलेले दिसताय". त्याचं निरीक्षण असं की ज्यांची जवळीक नाही अशा दोघांत हुद्द्याने वरचा माणूस खालच्याच्याबद्दल बोलू शकतो, खालचा स्वतःबद्दल बोलू शकतो, उलट सहसा होत नाही, ते आगाऊपणाचं वाटतं. तटस्थ मात्र कुणीही कुणालाही म्हणू शकतो. पावसाबद्दल बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

हे वाचताना मला ट्रॅफिक आठवलं. आमच्या प्रोजेक्टवर एक नवीन मुलगा आला होता, अगदी पहिल्या आठवड्यातला. त्याने मला पाठवलेला पहिलाच मेसेज होता, "आज रस्त्यावर खूपच ट्रॅफिक होतं मॅडम". मी लगेच लिहिलं, "हरकत नाही, उशीर झाला तरी चालेल." त्याने "ओके मॅडम" लिहिलं. नंतर कळलं की तो त्या दिवशी वेळेच्या पंधरा मिनिटं आधी येऊन बसला होता. म्हणजे त्याने उशिराची सबब सांगितलीच नव्हती, मी मात्र त्याला माफ करून टाकलं, आणि न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळाल्यावर माणूस काय बोलणार.

ट्रॅफिक आणि हवामान आपण एका दमात घेतो पण ते सारखे नाहीत. पाऊस दोघांवर पडतो. ट्रॅफिकमध्ये एकजण अडकलेला असतो, म्हणून ते वाक्य दिसायला तटस्थ पण त्यात "मी" लपलेला असतो, मी त्यातून आलो, मला त्रास झाला. लेव्हरच्या भाषेत ते पहिल्या आणि दुसऱ्या प्रकाराच्या मध्ये कुठेतरी बसतं. आणि नवख्या माणसाला वरिष्ठाशी बोलायला ते बरोबर त्याच्या मापाचं आहे, ना माझ्याबद्दल काही म्हटलं, ना स्वतःचं रडगाणं गायलं. शिवाय ट्रॅफिक सबबीसाठी इतकं वापरलं जातं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात तोच अर्थ आधी येतो. ओळखायचं कसं? सबब असेल तर तिला लटकलेलं काहीतरी असतं, ठरलेली वेळ, मीटिंग, "पोचतोच", "सुरू करा तुम्ही". असं काही नसेल तर ते फक्त ट्रॅफिक आहे. मी त्याला "मला पण त्या चौकात तीन सिग्नल बसावं लागलं, तू कुठल्या बाजूने येतोस?" असं काहीतरी लिहायला हवं होतं. आधी माझं ट्रॅफिक, मग हवा तर प्रश्न.

आणि हो, अनोळखी नंबरवरून असा मेसेज आला तर ही सगळी चर्चा लागू होत नाही. ऑनलाइन फसवणुकीच्या एका प्रकाराची सुरुवातच अशा निरुपद्रवी वाक्याने होते, हवामान किंवा "चुकून लागला का नंबर", मग गप्पा, फोटो, आणि काही आठवड्यांनी कुठेतरी पैसे गुंतवण्याचा विषय. मी बोलतेय ते ओळखीच्या माणसांबद्दल, जिथे मागे काहीतरी जुनं आहे आणि हवामान त्याच्यावरची धूळ झटकतंय.

परत तिच्याकडे येते. डिसेंबरमध्ये सकाळी साडेसातला तिसरा मेसेज आला. "काय गारठा आहे". यावेळी मी फोन खाली ठेवला, खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघितलं. हे सांगायला साधं वाटतं पण मला तेच सुचत नव्हतं इतके दिवस. आम्ही दोघी वेगवेगळ्या शहरांत राहतो. समोरासमोर उभी असलेली दोन माणसं एकाच थंडीबद्दल बोलतात, त्यामुळे दुसरं मत लगेच देता येतं. पोमरांत्झनेच म्हटलंय की मत द्यायला ती गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलेली लागते, ज्याने सिनेमा बघितला नाही तो "हो भारीच आहे" म्हणू शकत नाही. मग तिच्या शहरातल्या गारठ्यावर मी सहमती कशी देणार? मे महिन्यात मी "हो ना गं" लिहिलं होतं तेव्हा मला तिचं ऊन माहीतच नव्हतं, ते खोटंच होतं तसं बघितलं तर. दुसऱ्या शहरातून आलेला हवामानाचा मेसेज म्हणजे ती तिच्या खिडकीतलं मला दाखवतेय. त्याचं उत्तर माझ्या खिडकीतलं.

मी लिहिलं, "इकडे धुकं. समोरच्या बिल्डिंगचे वरचे दोन मजले गायब आहेत."

अकरा मिनिटांनी, "धुकं नाही आमच्याकडे पण वारा आहे. कान दुखायला लागले."

"तुझे कान पहिल्यापासूनच. रुमाल बांधून अभ्यासाला बसायचीस."

"आठवतंय तुला??"

"तो हिरवा, चौकड्यांचा."

मग थोडा वेळ काही नाही, मी चहा ठेवला. आल्यावर बघितलं तर तीन मेसेज होते. तो रुमाल अजून आहे, फाटलाय पण आहे, आणि हल्ली ती तोच बांधून सकाळी फिरायला जाते. मी लिहिलं, "सकाळी? तू? साडेसातला?" आणि ती म्हणाली, "वेळच वेळ आहे गं आता. नोकरी सोडली ना जूनमध्ये."

इथे मला संभाषण-विश्लेषणाचा पाया घालणाऱ्या हार्वी सॅक्सचं एक निरीक्षण प्रत्यक्ष दिसलं. त्याचं म्हणणं होतं की चांगल्या गप्पांत विषय बदलल्याची शिवण दिसत नाही, प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याला धरून असतं आणि तरी आपण कुठल्याकुठे पोचलेलो असतो. गारठ्यावरून कान, कानावरून रुमाल, रुमालावरून फिरणं, फिरण्यावरून नोकरी. एकदाही कुणी "बाकी काय" म्हटलं नाही. मी "काय काम होतं" विचारून ही बातमी मिळाली नसती, "सगळं ठीक ना" विचारून पण मिळाली नसती. सप्टेंबरमध्ये तर नोकरी सोडून तिला तीन महिने झाले होते आणि तिने "हो ठीक आहे" लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं, ती ठीकच होती. तिला सांगायची होती अशी ती गोष्टच नव्हती, रस्त्यात लागली म्हणून सांगितली.

त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत अधूनमधून लिहीत राहिलो. शेवटी मी विचारलंच, कारण मला ते सोडवत नव्हतं. "मे महिन्यात तू मला मेसेज केला होतास, ऊन आहे म्हणून. तेव्हा काय होतं गं? मी नीट उत्तर दिलं नाही."

तिला आठवायला वेळ लागला, तिने वर स्क्रोल करून बघितलं असावं. मग लिहिलं, "काही नव्हतं गं. ऊन होतं खूप."

परवा मी पहिल्यांदा माझ्या बाजूने सुरुवात केली. सकाळी आभाळ भरून आलं होतं, मी लिहिलं, "सकाळपासून नुसते ढग आहेत". बोट तिथे थांबेना, पुढे "कशी आहेस? बरेच दिवस झाले" असं आपोआप टाइप झालं. कारणाशिवाय मेसेज पाठवायला किती धीर लागतो हे मला तेव्हा कळलं, आणि तिने तो तीनदा गोळा केला होता. प्रश्न खोडला. नुसते ढग पाठवले.

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. "इकडे नाहीत अजून. पाठव इकडे."